‘२०% स्पेअर’ म्हणजे कशाच्या वीस टक्के?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं पाऊच पॅकिंग मशीनचं युनिट आहे, उद्यम नोंदणी जुनी आहे. कांदा-लसूण मसाल्याच्या एका कारखानदाराला ९ लाख ६० हजारांचं मशीन दिलं. कोटेशनमध्ये मी ‘पीएलसीत २०% स्पेअर, वेग मिनिटाला ६० पाऊच’ असं लिहिलं होतं. पीएलसी मीच निवडला. चाचणीच्या वेळी त्यांनी रिजेक्ट सिलेंडर, कोडिंग मशीनचा सिग्नल आणि फिल्म संपल्याचा सेन्सर वाढवून घेतला. आता व्हायब्रेटर लावायला आउटपुट उरलेला नाही. साडेतीन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर म्हणतात, स्पेअर नाही, मेमरी कमी, प्रोसेसर लहान, ६० वर छाप सरकतो, मोठा पीएलसी फुकट द्या. १ लाख ८० हजार अडवलेत. माझं चुकलं का?

उत्तर : थोडं चुकलंय, पण ते म्हणतात तिथं नाही. वकिलीआधी चार वर्षं मी पॅनेल वायरिंग केलंय, त्यामुळे कागदांबरोबर तुम्ही जोडलेली आय-ओ यादी आधी वाचली.

ऑर्डरच्या दिवशीच्या यादीत १९ इनपुट आणि १४ आउटपुट आहेत. तुम्ही घेतलेल्या पीएलसीत २४ इनपुट आणि १६ आउटपुट. म्हणजे वापरलेले ३३, मोकळे ७. वापरलेल्यांवर हिशेब केला तर २१ टक्के स्पेअर, तुमचा शब्द पाळला गेला. पण एकूण ४० वर केला तर साडेसतरा, शब्द मोडला. आणि आउटपुट वेगळे मोजले तर १६ पैकी २ मोकळे, म्हणजे साडेबारा टक्केच. पाच मोकळे इनपुट असले तरी त्यांवर व्हायब्रेटर चालत नाही. म्हणून जाणता माणूस स्पेअर प्रकारवार मोजतो: इनपुट वेगळे, आउटपुट वेगळे, अ‍ॅनालॉग वेगळे.

‘२०% स्पेअर’ कशावर, हे कोटेशनमध्ये नाही. वाक्याचे दोन अर्थ निघत असतील आणि दुसऱ्या कशानं उलगडा होत नसेल, तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचण्याकडे कोर्टाचा कल असतो. लिहिणारे तुम्ही. तरीही या मुद्द्यावर तुमची बाजू बरी आहे, कारण स्पेअर कोणत्या तारखेला मोजायचा हा प्रश्न आधी येतो. स्पेअर ठेवतात ते वापरण्यासाठीच. रिजेक्ट सिलेंडर आणि कोडिंगनं दोन्ही आउटपुट खाल्ले, सिलेंडरच्या रीड स्विचनं आणि फिल्मच्या सेन्सरनं दोन इनपुट. ही कामं मूळ यादीत नव्हती आणि त्यांच्या सांगण्यावरून झाली. त्यांनी तसं सांगितल्याचे मेसेज जपून ठेवा. व्हायब्रेटरसाठी आउटपुटचं एक्स्पान्शन मॉड्यूल बसत असेल तर तेवढ्याचं जादा काम म्हणून कोटेशन द्या. आख्खा पीएलसी बदलण्याचं कारण नाही.

मेमरीची तक्रार दहा मिनिटांत मिटते. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर ८,००० पैकी ४,७०० स्टेप वापरल्याचं दिसतंय. २० मसाल्यांच्या रेसिपी, प्रत्येकी १५ आकडे धरले तरी ३०० रजिस्टर होतात, आणि ते डेटा मेमरीत बसतात, प्रोग्रामच्या स्टेप खात नाहीत. त्या स्क्रीनची तारखेसह प्रिंट काढून दोघांच्या सह्या घ्या.

तुम्ही अडकता ते वेगाच्या शब्दात. माल विक्री कायदा, १९३० चं कलम १६(१) सांगतं की खरेदीदारानं मालाचा उपयोग सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तसा माल पुरवणं हा विक्रेत्याचा धंदाच असेल, तर माल त्या उपयोगाला साजेसा असण्याची अट करारात आपोआप येते. ‘अमुक कंपनीचं अमुक मॉडेलच बसवा’ असा हट्ट त्यांनी धरला असता, तर त्याच कलमातल्या परंतुकाचा आधार पीएलसीच्या निवडीपुरता तरी मागता आला असता. पण निवड तुमची होती. शिवाय ६० पाऊच हे तुम्हीच लेखी दिलंय.

छाप का सरकतो? तुमच्या नोंदीप्रमाणे पाऊच १४० मिलिमीटरचं आहे आणि ६० च्या वेगाला फिल्म ०.४ सेकंदात ओढली जाते, म्हणजे सेकंदाला ३५० मिलिमीटर. स्कॅन टाइम ८ मिलिसेकंद. आय-मार्क सेन्सर साध्या इनपुटवर असल्यामुळे खूण दिसली तरी पीएलसी ती पुढच्या स्कॅनलाच वाचतो. तेवढ्यात फिल्म जास्तीत जास्त २.८ मिलिमीटर पुढे जाते, आणि दर पाऊचला वेगवेगळी. ही डळमळ सेन्सर पुढे-मागे करून जात नाही. इनपुट फिल्टरचा उशीर मात्र जवळजवळ ठरलेला असतो. तो एका वेगाला सेन्सर हलवून सांभाळता येतो, पण वेग बदलला की छाप पुन्हा सरकतो. ४० ला ठीक, ६० ला सरकतो, हे तुमचंच निरीक्षण आहे ना? मग संशय इथंच येतो. रोलर घसरतोय का, तेवढं आधी पाहून घ्या.

याला मोठा प्रोसेसर लागेलच असं नाही. बहुतेक लहान पीएलसींत सुरुवातीचे काही इनपुट वेगवान असतात. एन्कोडरनं ते सगळे अडवलेले नसतील तर आय-मार्क त्यातल्या एकावर घ्या, फिल्टर कमी करा आणि इंटरप्ट रूटीन लिहा. फिल्म थांबवणारा आउटपुटही त्याच रूटीनमध्ये तात्काळ बदलायला हवा. नाहीतर तो स्कॅन संपेपर्यंत थांबतो आणि केलेलं पाण्यात. आउटपुट रिलेचा असेल तर त्याचेही काही मिलिसेकंद जातात, तिथं ट्रान्झिस्टर हवा. वेगवान इनपुट शिल्लकच नसेल, तर मात्र निवड चुकली म्हणायची आणि सीपीयू तुमच्या खर्चानं बदलायचा.

त्यांच्या हातात काय आहे तेही पाहू. मशीन स्वीकारून ते साडेतीन महिने चालवतायत. कलम १३(२) प्रमाणे आता मशीन परत करणं त्यांना अवघड आहे. कलम ५९ खाली किंमत कमी करून मागणं किंवा नुकसानभरपाई मागणं एवढंच उरतं, तेही नुकसान दाखवून.

तुमच्या बाजूला एमएसएमईडी कायदा, २००६ आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं धरतात, आणि पैसे द्यायची मुदत करारानंही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. व्हॉट्सॲपही लेखी धरलं जाऊ शकतं, पण साडेतीन महिन्यांनी आलेलं या १५ दिवसांत बसत नाही. मात्र १५ दिवस म्हणजे दोष माफ, असं समजू नका. याच कायद्याच्या कलम १८ खाली, थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे गेलात तरी छापाचा मुद्दा ते तिथं मांडणारच.

म्हणून नोटीस आत्ता नको. आधी पत्र द्या: ‘आमचे हक्क राखून आणि कोणतीही चूक मान्य न करता अमुक तारखेला आय-मार्कची दुरुस्ती करून देतो.’ ६० च्या वेगाला सलग दोन तास, त्यांच्याच फिल्मवर आणि त्यांच्याच मसाल्यावर चाचणी घ्या. दर दहा मिनिटांनी पाच पाऊच काढून छापाचं अंतर मोजा आणि तक्त्यावर त्यांच्या सुपरवायझरची सही घ्या. सही द्यायला नकार दिला तर तक्ता त्याच दिवशी ईमेल करा. त्यानंतर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर परिषदेकडे अर्ज करू.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. उद्यमनगरात एकानं मला हसत हसत सांगितलं होतं की पैसे अडकले की तो प्रोग्राममध्ये तारखेचं कुलूप घालतो. मशीन त्यांचं झालंय. असं केलंत तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाईचा दावा तुमच्यावरच येऊ शकतो, आणि तुमच्या एक लाख ऐंशी हजारांचा विषय बाजूलाच राहील. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रोग्रामचे बॅकअप तारीख घालून माझ्याकडे आणून द्या.