इंग्रजी संदेश मराठीत आणताना 'खंडणी' आणि 'तारण' यांचं काय करायचं?

प्रश्न: इंग्रजीत लिहिलेला एक संदेश आमच्या सांगलीच्या मंडळीत मराठीतून द्यायचा आहे. शब्दशः केला तर कानाला खटकतो आणि धार्मिक शब्द बदलायला भीती वाटते. काय करावं?

उत्तर:

वचन वाचताना एक अक्षरही बदलू नका. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना ते पाठ असतं, आणि तो शब्द त्यांचा आहे. बदल करायचा तो वचन वाचून झाल्यावर, तुमच्या स्वतःच्या बोलण्यात.

मी मिरजेकडच्या एका छोट्या मंडळीत बरीच वर्षं हे काम करतोय. सुरुवातीला मार्क 10:45 वरचा एक इंग्रजी संदेश मराठीत केला होता. मूळ संदेश 'रॅन्सम' या शब्दाभोवती फिरत होता. आपल्या बायबलात तिथे 'खंडणी' आहे. मी लिहिलं, "ख्रिस्ताच्या खंडणीद्वारे आपले तारण साध्य करण्यात आलेले आहे." उपासना संपल्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर काम करणारा, नुकताच यायला लागलेला एक तरुण जवळ आला आणि त्यानं मनापासून विचारलं, "सर, खंडणी मागितली कुणी?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. खंडणी म्हणजे पूर्वी मांडलिकानं भरायचं द्रव्य. आज मात्र हा शब्द तो पेपरात वाचतो तो 'खंडणीखोरास अटक' असाच. 'तारण' तर त्याहून अवघड. आपल्याकडे पतसंस्थेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' असतं, बाजार समितीत शेतमाल तारण ठेवतात. म्हणजे माझं वाक्य त्याच्या कानात असं शिरलं, की कुणीतरी धमकी देऊन पैसे उकळले आणि आपण गहाण पडलो. मला सांगायचं होतं ते नेमकं उलटं.

मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन'. गुलामाला किंवा युद्धात धरलेल्याला सोडवायला मोजलेली किंमत, असा त्याचा अर्थ. म्हणजे जोर सोडवण्यावर आहे. आणि 'सोडवणे' हे आपल्या घरोघरचं क्रियापद आहे. पुढच्या वेळी वचन होतं तसंच वाचलं आणि मग म्हणालो, "पेरणीला पैसे नव्हते म्हणून आईच्या पाटल्या गहाण पडतात. पाटल्या स्वतःहून घरी येत नाहीत. कुणीतरी जाऊन, किंमत मोजून त्या सोडवून आणाव्या लागतात. आपण तसेच पडून होतो. त्यानं स्वतःचा जीव दिला आणि आपल्याला सोडवून आणलं." पुढे बसलेल्या बायकांच्या माना हलल्या.

इथे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे नामाचं क्रियापद झालं. 'तारण' अडतं, पण 'तारलं' अडत नाही. 'देव तारी त्याला कोण मारी' हे सगळ्यांच्या तोंडी आहे. दुसरं म्हणजे 'करण्यात आलेले आहे' गेलं. ती सरकारी नोटिशीची भाषा आहे, तिच्यात करणारा दिसत नाही. संदेशात तर तोच दिसायला हवा. म्हणून इंग्रजीत जिथे कर्ता लपलेला असेल तिथे तो शोधा आणि वाक्याच्या पुढे आणा: "त्यानं सोडवलं."

पण दाखला कुठे थांबवायचा हेही आधी ठरवा. एका काकूंनी मला विचारलं, "मग पैसे घेतले कुणी? सैतानानं?" हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी यानं ती किंमत सैतानाला दिली असं मांडलं, तर नाझियानझसच्या ग्रेगरीला ते मुळीच मान्य नव्हतं. मार्कच्या वचनात घेणाऱ्याचं नावच नाही. म्हणून मी आता सावकाराचा उल्लेख करत नाही. पाटल्या घरी आल्या, तिथेच दाखला संपवतो.

सोपं करण्याच्या नादात 'मोक्ष' वापरू नका. आपल्या लोकांना त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका ऐकू येते, आणि मार्क ते सांगत नाही. नारायण वामन टिळकांनी, जे शेवटच्या काळात साताऱ्यात राहिले, ख्रिस्ताला भक्तीच्या भाषेत आई मानून गायलं. ते सहज रुजलं, कारण आईचं प्रेम त्या गोष्टीत बसतं. शब्द घरचा आहे एवढं पुरत नाही, त्याच्यासोबत येणारा अर्थही जुळायला हवा.

शनिवारी संध्याकाळी संदेश घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. कळलं का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "मी काय म्हणालो ते तुझ्या शब्दांत सांग," असं म्हणा. सांगताना ते जिथे तुमचाच जड शब्द जसाच्या तसा परत देतील, तिथे अर्थ पोचलेला नाही. त्या जागी पेन्सिलनं खूण करा आणि रात्री तेवढीच वाक्यं पुन्हा लिहा.