साडेतीनला सुट्टी, घरी पोचायला पाच

प्रिय ताई,
मी इंदूरला सुदामानगरात राहते. ऑफिस सुपर कॉरिडॉरवर, क्लायंट न्यूयॉर्कचे. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन ड्यूटी. कॅबमध्ये आम्ही चौघं, माझं घर शेवटी, त्यामुळे पोचायला पाच वाजतात. सातला उठून मुलाचा डबा, बस. पुन्हा साडेआठला आडवी होते तर घरात नि गल्लीत जाग. सासूबाई म्हणतात, ‘दिवसभर लोळत असते.’ हे म्हणतात, मी बाइकवर आणायला येतो. मला वाटतं आपलीच स्कूटर न्यावी. दिवसाच्या टीमला तर मी असते हेच माहीत नाही. काय करू?
— एक वाचक

स्कूटरचं आधी मनातून काढा. पहाटे तीन ते सहा या वेळात शरीर झोपेकडे सगळ्यात जास्त ओढ घेतं. कितीही सराव झाला तरी ही ओढ पूर्णपणे जात नाही. त्यात सुपर कॉरिडॉर रुंद, सरळ आणि त्या वेळी रिकामा. अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही दोन-तीन सेकंदांची डुलकी लागते, आणि ती लागली होती हे नंतरसुद्धा कळत नाही. यजमानांच्या बाइकलाही हाच आक्षेप आहे. अर्ध्या झोपेतून उठून आलेला माणूस आणि नऊ तास काम केलेली बाई, दोघं एकाच दुचाकीवर कशाला?

म्हणून कॅबच ठेवायची, फक्त उतरवण्याचा क्रम बदलून घ्यायचा. रात्रीच्या ड्यूटीसाठी बाईची संमती लागते आणि तिच्या सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायची असते, असं कामगार संहितेतच आहे. बाईला शेवटी एकटी उतरवायचं नाही, नाहीतर सोबत गार्ड द्यायचा, हा नियम बहुतेक कंपन्यांच्या वाहतूक धोरणात लिहिलेला असतो. तो मोडतो कारण रोस्टर अंतरावरून बनतं आणि जवळचं घर आधी येतं. ट्रान्सपोर्ट डेस्कला तोंडी सांगू नका, मेल करा आणि मॅनेजरला कॉपी ठेवा: ‘माझ्या रूटवर शेवटचे दोन थांबे बदला; ज्या दिवशी पुरुष सहकारी नसेल त्या दिवशी गार्ड द्या.’ शेवटच्या सहकाऱ्याला थोडा वळसा पडेल, पण तुम्ही साडेचारच्या सुमारास घरी पोचाल.

गाडीत बसण्यापूर्वी नंबर मेसेजशी ताडून पाहा आणि मागचं दार आतून उघडतं का ते बघा. चाइल्ड लॉक चुकून लागलेलं राहतं. मागे बसलात तरी बेल्ट लावा. ड्रायव्हरचीही रात्र झालेली असते. गाडी लेनमधून सरकू लागली, ब्रेक उशिरा लागला, रोजचं वळण चुकलं, तर संकोच न करता ‘भैया, गाडी साइड में लगाओ’ म्हणा आणि उजेडाच्या जागी दहा मिनिटं थांबा. चौघांनी पाळी लावून एकाने जागं राहायचं.

लाइव्ह लोकेशन पाठवता ते ठीक, पण पहाटे चारला ते बघतंय कोण? त्यापेक्षा घरी बेडरूममध्ये चार-पन्नासचा अलार्म लावून ठेवा. तुम्ही पोचलात की स्वतः येऊन तो बंद करायचा. वाजलाच तर यजमानांनी उठून आधी तुम्हाला, मग ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन करायचा. दोन्हीकडून उत्तर नाही आलं तर ११२. एरवी त्यांची झोप मोडत नाही.

आता खरी अडचण: तुमची झोप. पाच ते सात आणि साडेआठ ते समजा अकरा मिळून साडेचार तास होतात, तेही तुटक. तुकड्यातुकड्यांची झोप एकसलग झोपेइतकी कामाची नसते. सवा पाच ते सवा बारा असे सात तास एका दमात हवेत, आणि त्यासाठी सातचं उठणं सोडावं लागेल. सकाळचा डबा, युनिफॉर्म, बस ही यजमानांची कामं. भाजी चिरून, कणीक मळून फ्रिजमध्ये तुम्ही निघण्यापूर्वी ठेवा. पोहे असतील तर त्यांना तेवढंही लागत नाही. मुलाला आई हवी असते हे खरं, पण बस परत येते तेव्हापासून संध्याकाळी कॅब येईपर्यंतचे तास जागेपणी मिळाले, तर सकाळच्या घाईतल्या अर्ध्या तासापेक्षा ते कितीतरी बरे.

खोलीला जाड, काळ्या अस्तराचा पडदा लावा आणि कानात फोमचे बोळे घाला. नगर निगमची कचरागाडी गाणं लावून येते, ते थांबणार नाही. पंख्याचा एकसारखा आवाज त्यावर बराच उतारा आहे. दूधवाल्याला बेल न वाजवता पिशवी लटकवायला सांगा. चहा-कॉफी रात्री अकरानंतर बंद. दोनच्या चहातलं निम्मं कॅफिन सातला अंगात शिल्लक असतं; झोप लागली तरी ती वरवरची लागते. जडपणा आला तर ब्रेकमध्ये वीस मिनिटं डोळे मिटा. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर डोकं जास्तच जड वाटतं.

शनिवार-रविवारी सगळ्यांबरोबर दहाला झोपायचा मोह होतो. तसं केलंत तर सोमवारी रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सुट्टीला पहाटे दोन ते सकाळी नऊ झोपा, म्हणजे रोजच्या झोपेतले चारेक तास तरी तेच राहतात. आणि शुक्रवारची ड्यूटी शनिवारी पहाटे संपते. शनिवारी दुपारपर्यंत पाहुणे नकोत, हे घरात आधीच ठरवा.

सासूबाईंना समजावत बसू नका. ‘झोप ५:१५–१२:१५’ असा कागद फ्रिजवर चिकटवा आणि यजमानांनीच त्यांना सांगावं की ही तिची रात्र आहे. सुनेने सांगितलं की वाद होतो, मुलाने सांगितलं की नियम होतो. हे बरोबर नाही, पण घरोघरी असंच आहे.

दिवसाची टीम संध्याकाळी साडेसहाला घरी जाते आणि तुम्ही साडेसहाला कामाला बसता, म्हणून सगळं लेखी नोंदीवर चालणार. तीन वाजता, डोकं शिणण्याआधी, तीन ओळी लिहा: काय झालं, काय अडलंय, आणि ते कोणाकडे. ‘टीमने बघावं’ असं लिहिलंत की कोणीच बघत नाही. नाव घाला, आणि मुदतही: ‘संध्याकाळी पाचपर्यंत कळवलं नाहीत तर मी दुसरा पर्याय घेऊन पुढे जाते.’ या एका वाक्याने क्लायंटसमोर तुमचा अख्खा दिवस वाचतो. मेसेज रात्री न पाठवता सकाळी पावणेदहाला जाईल असा शेड्यूल करा, नाहीतर सकाळच्या गर्दीत तो खाली दबतो. शिवाय आठवड्यातून एकदा, समजा गुरुवारी अडीचला, घरून वीस मिनिटांचा कॉल मागा, कॅमेरा चालू ठेवून. अप्रेझल लिहिणाऱ्याला तुमचा चेहरा माहीत हवा. रोज मात्र कबूल करू नका, मुलाची दुपार त्यात जाईल.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे जातं आणि तुमची ड्यूटी साडेसात ते साडेचार होते. तेव्हा अलार्म पाच-पन्नास, झोप सव्वासहा ते सव्वाएक, चहाची सीमा बारा, आणि कॅबची वेळ बदलल्याची खात्री त्याच आठवड्यात करा. डेस्ककडून हीच गोष्ट हमखास राहते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सगळं परत पहिल्यासारखं.