धुतलेल्या जिमच्या कपड्यांना घातल्यावर पुन्हा वास का येतो?

प्रश्न: माझे जिमचे ड्राय-फिट टी-शर्ट धुतल्यावर अगदी स्वच्छ वाटतात, पण घालून दहा मिनिटं होतात न होतात तोच जुन्या घामाचा वास यायला लागतो. सॉफ्टनर टाकून झालं, अँटिसेप्टिक लिक्विडमध्ये भिजवून झालं. कोणती पावडर किंवा सॅनिटायझर वापरू?

उत्तर:

नवीन काही विकत घेण्याआधी एक तपासणी करा. टी-शर्ट उलटा करून पलंगावर पसरा आणि पाण्याचा एक थेंब खालच्या काठाजवळ टाका, दुसरा काखेच्या भागावर. काठाजवळचा थेंब लगेच पसरला आणि काखेतला मात्र मण्यासारखा उभा राहिला, तर तिथे तेलाचा थर बसलाय असं समजा. दोन्हीकडे थेंब उभा राहिला तर बहुधा सॉफ्टनरचा प्रताप. मी इचलकरंजीला कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये काम करतो. आमच्याकडेही कापड पाणी घेतंय की नाही हे बघायचं तर पहिल्यांदा थेंबच टाकतात.

पॉलिस्टरला पाणी आवडत नाही, तेल आवडतं. आम्ही ते रंगवतो तेसुद्धा पाण्यात जेमतेम विरघळणाऱ्या डिस्पर्स रंगांनी, प्रेशरखाली 130 अंशांपर्यंत तापवून. घामातलं पाणी या धाग्यावरून पटकन उडून जातं, म्हणून तर कपडा ‘ड्राय’. पण त्वचेतून येणारा तेलकट स्राव धाग्याला धरून बसतो आणि वास देणारे बरेचसे पदार्थ त्या तेलातच मुरतात. थंड पाण्याच्या धुण्यात वरवरचा घाम जातो, तेल राहतं. कोरडा कपडा नाकाला लावला तर काही कळत नाही. अंगात घातला, गरम आणि दमट झाला की तेच पदार्थ सुटायला लागतात. तुमची दहा मिनिटं ती हीच.

राहिलेल्या तेलावर जिवाणू पोसले जातात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. 26 जणांना सुती आणि पॉलिस्टर टी-शर्ट घालून जिममध्ये सायकलिंग करायला लावलं, नंतर ते टी-शर्ट काही काळ ठेवून तपासले. पॉलिस्टरला जास्त वाईट वास होता आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू त्याच्यावर चांगले फोफावले होते.

त्यामुळे अँटिसेप्टिकने काम का झालं नाही हेही लक्षात येईल. जिवाणू मेले तरी तेल आणि त्यात मुरलेला वास तिथेच राहतो. पुढच्या व्यायामाला तुमच्याच अंगावरून नवे जिवाणू येतात, त्यांना पान वाढलेलंच असतं. आधी तेल काढायचं, सॅनिटायझरचा नंबर त्यानंतर.

माझ्या भाच्याचा एक निळा टी-शर्ट होता. पॉलिस्टरमध्ये थोडं स्पॅन्डेक्स, काखेत हाताला किंचित मेणचट लागायचा. त्याच्यावर जे केलं ते सांगतो, तुमच्या टी-शर्टलाही तेच लागू पडेल.

बादलीत तीन लिटर नळाचं पाणी आणि एक लिटर उकळतं पाणी मिसळा. नळाचं पाणी 25 अंशांच्या आसपास असेल तर मिश्रण 43-44 अंशांवर येतं, म्हणजे हात घातला तर चांगलं गरम लागेल पण भाजणार नाही. याच्यापेक्षा फार गरम नको, स्पॅन्डेक्सचा ताण जातो आणि छातीवरचा छापील लोगो सुटायला लागतो. लेबलवर 30 अंश लिहिलं असेल तर तेवढ्यावरच थांबा. या पाण्यात मोठा सपाट चमचाभर एन्झाइमवाली पावडर विरघळवा. पाकिटाच्या मागे घटकांमध्ये ‘एन्झाइम’ हा शब्द शोधा. मशिनसाठीच्या मॅटिक पावडरींमध्ये तो सहसा सापडतो. लायपेझ असेल तर उत्तमच, तेल तोडणारं एन्झाइम ते. टी-शर्ट उलटा करून बुडवा आणि तासभर तसाच ठेवा. एन्झाइमला वेळ लागतो. मशिनच्या वीस मिनिटांच्या क्विक वॉशमध्ये थंड पाण्यात त्याचं फारसं काही चालत नाही. नंतर काखेचा भाग बोटांनी चोळा. ब्रश लावलात तर कापडावर गोळे येतील.

हे पाणी ओतून द्या, टी-शर्ट एकदा खळबळून घ्या आणि तेवढंच गरम पाणी पुन्हा तयार करा. आता त्यात मोठा चमचाभर ऑक्सिजन ब्लीच टाका, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. व्हॅनिशच्या पावडरीत मुख्य काम करणारा घटक हाच असतो, आणि नुसतं परकार्बोनेट ऑनलाइनही मिळतं. पाण्यात गेलं की त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोडा राहिलेलं तेल सुटं करतो, पेरॉक्साइड वास देणारे पदार्थ मोडतं आणि जिवाणूही मारतं. थंड पाण्यात मात्र ते सुस्त असतं. ‘व्हॅनिश टाकून बघितलं, काही झालं नाही’ असं सांगणाऱ्यांना मी पहिल्यांदा पाण्याचंच विचारतो. अर्धा ते एक तास पुरे. हातात रबरी मोजे घाला. भडक निऑन रंग असेल तर आधी आतल्या शिवणीवर थोडं लावून बघा. धातूची चेन असलेलं जॅकेट यात भिजत ठेवू नका, आणि हे द्रावण झाकणबंद बाटलीत भरून तर अजिबात ठेवू नका, वायू तयार होऊन बाटली फुटते. त्यानंतर मशिनमध्ये नेहमीसारखं धुवा आणि जास्तीचं एक खळबळणं द्या.

धुतल्यावर खात्री करायची ती ओल्या कपड्यावर. काखेचा भाग कोमट पाण्याने ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत दहा मिनिटं बांधून ठेवा, मग पिशवी उघडून वास घ्या. भाच्याच्या टी-शर्टला पहिल्या फेरीनंतर पिशवीत पुसटसा वास होता, दुसऱ्या फेरीत गेला. काखेत टाकलेला थेंबही पसरायला लागला होता.

आता सॅनिटायझर. घरात एकच मशिन, पाऊस सुरू, कपडे दिवसभर दमट, किंवा कुणाला बुरशीचा त्रास, अशा वेळी तो उपयोगी आहे. फक्त जखमेवरच्या अँटिसेप्टिकची बाटली यासाठी नको, कपड्यांसाठीचा म्हणून मिळतो तो घ्या. त्यात बहुतेक वेळा बेंझाल्कोनियम क्लोराइड किंवा त्याच्याच कुळातलं रसायन असतं. बरेच लोक ते पावडरीबरोबर एकाच वेळी ओततात आणि तिथेच पैसे पाण्यात जातात. पावडरीतल्या साबणद्रव्यावर ऋण भार असतो, याच्यावर धन भार. दोघं एकमेकांना धरतात आणि दोघंही निकामी होतात. म्हणून पावडर पूर्ण निघून गेल्यावर, शेवटच्या खळबळीच्या स्वच्छ पाण्यात तो टाकायचा आणि लेबलवर लिहिलाय तेवढा वेळ, साधारण पंधरा मिनिटं, कपडे त्यात राहू द्यायचे. मशिनमध्ये सॉफ्टनरचा कप्पा असतो, तो शेवटच्या पाण्यातच उघडतो, तिथे ओतलं की काम झालं. दर धुण्याला गरज नाही. त्वचा नाजूक असेल तर नंतर एकदा साध्या पाण्यातून काढा.

क्लोरीनचं ब्लीच मात्र स्पॅन्डेक्सजवळ नेऊ नका. ताणून जुन्या झालेल्या लेगिंगसारखं कापड सैल पडतं, पांढरं असेल तर पिवळं होतं. व्हिनेगर आणि ते ब्लीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. नुसत्या व्हिनेगरबद्दल विचाराल तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी टाकल्याने बोअरच्या जड पाण्याचा कडकपणा कमी होतो, पण तेल काढणं त्याच्या हातात नाही. खायचा सोडाही असाच सौम्य. आंबट वास तात्पुरता मंदावतो, इतकंच.

सॉफ्टनर बंद करा. तो धाग्यावर थर देतो, कपडा मऊ लागतो खरा, पण पॉलिस्टरला घाम पसरवता यावा म्हणून आमच्यासारख्यांनी कारखान्यात जे फिनिश दिलेलं असतं ते त्या थराखाली झाकलं जातं. वरून घामाचं तेल त्या थरात अडकतं ते वेगळंच. सुगंधाने वास दोन दिवस दबतो म्हणून सॉफ्टनर लोकांना गुणी वाटतो. साबणाची वडी घासणंही या कपड्यांना मानवत नाही. तिच्यातली भर खळबळून सहज निघत नाही, जाळीदार कापडाच्या छिद्रांत बसून राहते. पावडरही दुप्पट टाकली तर दुप्पट स्वच्छ होत नाही, न निघालेली पावडर चिकट राहते आणि पुढचा घाम तिथेच धरतो.

रोजचं म्हणाल तर जिमच्या बॅगेत ओला टी-शर्ट बंद राहू देऊ नका, बाकी सगळ्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढून पंख्याखाली टाका, मग दोन दिवसांनी धुतलात तरी चालतं. धुताना उलटा करा. धुतल्यावर मशिनमध्ये तसाच तासन्‌तास ठेवू नका. पावसाळ्यात दोरीवर कपड्यांमध्ये वीतभर अंतर सोडा आणि खोलीत पंखा चालू ठेवा. धुतल्याबरोबर सगळ्याच कपड्यांना, अगदी टॉवेललाही, कुबट वास येत असेल तर टी-शर्टला बोल लावू नका, मशिनचं रबर उलटून बघा. तिथला काळा गाळ पुसून काढा आणि मशिन रिकामं, सगळ्यात गरम पाण्यावर एकदा फिरवा.

भिजवण्याच्या दोन-तीन फेऱ्या होऊनही पिशवीत वास येतच असेल, काखेत पिवळट कडक चट्टा असेल, तर ते तेल हवेने जुनं होऊन धाग्यावर घट्ट बसलंय. घरातल्या कुठल्याही पावडरीने ते निघणार नाही, टी-शर्ट बदला. जुन्याचं फडकं करायच्या भानगडीत पडू नका, पॉलिस्टर फरशीवरचं पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं.