पहिलाच स्मार्टफोन घेतोय. बजेट ३०-३५ हजार, निदान पाच वर्षं वापरायचाय. नवा अँड्रॉइड घ्यावा की जुन्या मॉडेलचा आयफोन?

नवा अँड्रॉइड घ्या, पण अपडेट किती वर्षं मिळणार हे बघूनच.

अपडेटची वर्षं मोजायची ती तुम्ही फोन घेतल्यापासून नाही, तर ते मॉडेल बाजारात आल्यापासून. या पैशांत साधारण आयफोन १३ च्या वयाचे आयफोन बघितले जातात. तो आला सप्टेंबर २०२१ मध्ये. २०१८ च्या आयफोन एक्सआरला आयफोनच्या सॉफ्टवेअरची २०२४ ची आवृत्ती, आयओएस १८, मिळाली, २०२५ ची आयओएस २६ मात्र मिळाली नाही. त्याच हिशेबाने आयफोन १३ ला २०२७ पर्यंत नव्या आवृत्त्या मिळतील, पुढे काही काळ फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. उलट सॅमसंगने मार्च २०२५ मध्ये आणलेल्या गॅलेक्सी ए३६ ला सहा वर्षांची अपडेट कबूल केली आहेत, म्हणजे २०३१ पर्यंत. याच किमतीच्या कित्येक अँड्रॉइड फोनना दोन-तीनच वर्षं मिळतात. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या नावापुढे किती वर्षं लिहिलीत ते वाचा. रॅम ८ जीबी घ्या, कारण दर नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा जड असते.

ॲप्सचं म्हणाल तर आपण रोज वापरतो ती बहुतेक दोन्हीकडे फुकटच आहेत. फरक पडतो तो दरमहा पैसे भरायच्या सेवांमध्ये. स्टोअरमधून पैसे भरले की ॲपल किंवा गूगल त्यातून कमिशन कापतं आणि काही कंपन्या तेवढी किंमत वाढवून लावतात, आयफोनवर हे जास्त दिसतं. तीच सेवा ब्राउझरमधून कंपनीच्या साइटवर घ्या. बऱ्याचदा स्वस्त पडते, शिवाय फोन बदलला तरी चालू राहते. ऑनलाइन साठवणीचा खर्चही धरा. ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी फुकट, गूगलवर १५. फोटोंचा बॅकअप ठेवला तर ५ जीबी लवकर भरतात. ५० जीबीला महिना ७५ रुपये, म्हणजे पाच वर्षांत ४,५००.

अडकायला होतं ते मात्र फोनपेक्षा त्याच्या भोवतीच्या वस्तूंमुळे. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, आणि सॅमसंगची आत्ताची घड्याळं आयफोनशी जुळत नाहीत. एका स्टोअरवर विकत घेतलेलं ॲप दुसरीकडे पुन्हा विकत घ्यावं लागतं. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, आयफोनवरचा आयक्लाउडवर, आणि एकाचा दुसऱ्यावर उघडत नाही. चॅट हलवता येतात, पण त्यासाठी जुना फोन चालू स्थितीत हातात हवा. तो चोरीला गेला किंवा बंद पडला तर नुसत्या बॅकअपवरून दुसऱ्या बाजूला जाता येत नाही.

घरात आधीच मॅक किंवा आयपॅड असेल, तर माझं उत्तर बदलेल. मग थोडं थांबून, बजेट वाढवून अलीकडचा आयफोन घेणं बरं.