'ओमा' म्हणजे कर्करोग नव्हे

"मावशीचा स्तनाचा कर्करोग हाडात गेलाय. सगळे 'हाडाचा कर्करोग' म्हणतात, रिपोर्टवर मात्र 'कार्सिनोमा' लिहिलंय. शब्दाच्या शेवटी 'ओमा' आला की कर्करोग समजायचा का? मग ल्युकेमियात तो का नाही?"

मावशींना हाडाचा कर्करोग झालेला नाही. ही चूक इतक्यांदा कानावर येते की आता चीड येते. कर्करोगाचं नाव पडतं ते तो सुरू झाला त्या ऊतीवरून, मग तो पुढे कुठेही जावो. तोंडाचं अस्तर, दुधाच्या नळ्या अशा अस्तराच्या नि ग्रंथींच्या पेशींतून निघाला तर कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांतून निघाला तर सार्कोमा. मावशींच्या हाडाचा तुकडा तपासला तर गाठीत स्तनातूनच आलेल्या पेशी सापडतील. शंका आलीच तर पॅथॉलॉजिस्ट केराटिन या प्रथिनाची चाचणी लावतात. कार्सिनोमात ते बहुधा सापडतं, हाडाच्या सार्कोमात सहसा नाही. काही सार्कोमांतही ते असतं, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर निकाल देत नाहीत. औषधंही स्तनाच्या कर्करोगाचीच चालतात, त्यामुळे 'हाडाचा कर्करोग' म्हणून माहिती शोधणारे नातेवाईक भलतंच वाचत बसतात.

आता 'ओमा'. 'ओमा म्हणजे गाठ' असं कोशकार बिनदिक्कत देतात. आजच्या वापरापुरतं ते ठीक, व्युत्पत्ती म्हणून साफ अपुरं. ग्रीकमधला मूळ प्रत्यय नुसता 'मा', क्रियेतून जे निपजतं ते दाखवणारा. कार्किनोस म्हणजे खेकडा. त्यावरून क्रियापद झालं आणि त्याला 'मा' लागून कार्किनोमा. मधला 'ओ' त्या क्रियापदाचा. सार्क्स म्हणजे मांस, त्याचा तसाच सार्कोमा. पुढे लोकांनी 'ओमा' तोडून घेतला आणि दिसेल त्या गाठीला चिकटवला. गंमत अशी की हा 'मा' आपल्या घरातलाच आहे. कर्म, जन्म, नाम यांच्या शेवटी जो संस्कृत 'मन्' आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ. ग्रीक 'ओनोमा' आणि आपलं 'नाम' शेजारी ठेवून पाहा!

तेव्हा या प्रत्ययात कर्करोग शोधू नका. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ, हिमॅटोमा म्हणजे नुसतं साकळलेलं रक्त. मेलॅनोमा हा त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग मात्र घातक.

ल्युकेमियातला 'एमिया' म्हणजे रक्त, ॲनिमियातलाच. ल्युकोस म्हणजे पांढरा. जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिरखोनं १८४७ साली हे नाव दिलं, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या रक्तावरून. हा रोग अस्थिमज्जेत सुरू होतो नि रक्तात पसरतो. लिम्फोमा हाही पांढऱ्या पेशींचाच कर्करोग, पण तो बहुधा लसिका ग्रंथींत गाठ धरतो.

पण ही सीमाही कुठे कुठे पुसट होते. लहान बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या एका संथ रोगात, एका मायक्रोलिटर रक्तात त्या रोगट पेशी ५,००० किंवा अधिक असल्या तर त्याला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया म्हणतात. त्याहून कमी असून लसिका ग्रंथी वाढलेल्या असल्या तर तोच रोग स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा ठरतो. उपचार दोन्हींचे सारखेच.