पहिल्यांदा अप्रेझल घेताय? मग हे वाचा
रेटिंग नंतर ठरवा, आधी एप्रिलपासूनचे मेल, टिकेट्स आणि वन-ऑन-वनच्या नोट्स काढून बसा, कारण मार्चमध्ये फॉर्म भरताना आपल्याला फक्त जानेवारी-फेब्रुवारीच आठवतं, आणि ज्याने जूनमध्ये रिलीज वाचवली तो बिचारा मार खातो. टीममधल्या माणसाने भरलेलं सेल्फ अप्रेझल मीटिंगच्या आदल्या दिवशीच वाचा.

समजा त्याने स्वतःला ४ दिलेत आणि तुम्ही ३ देताय. मग मीटिंगमध्ये आकडा लगेच सांगून टाका, नाहीतर तो सगळा वेळ आकड्याचीच वाट बघतो, बाकी काही कानात शिरत नाही. आणि "कम्युनिकेशन सुधार" असलं गुळमुळीत नको, "ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये डेट हुकणार हे क्लायंटला शेवटच्या दिवशी कळलं" असं सांगा. मग गप्प बसा, त्याला बोलू द्या. इन्क्रिमेंट तुमच्या हातात नसेल तर त्याचं प्रॉमिस चुकूनही नको, एचआर नंतर बेल कर्व्ह लावून सगळ्यांची रेटिंग्ज ठरलेल्या प्रमाणात बसवतं आणि तोंडघशी तुम्ही पडता.

शेवटी दोन-तीनच ॲक्शन, त्याच्याच तोंडून. उदाहरणार्थ दर शुक्रवारी क्लायंटला स्टेटस मेल तो पाठवणार, पहिले चार तुम्ही बघणार, जूनअखेर रिव्ह्यू. हे त्याच दिवशी मेलवर टाका, त्याचा ओके घ्या आणि जूनचं कॅलेंडर इन्व्हाइट तिथेच बसून पाठवा.