मला गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे, सहाव्यापर्यंत काहीच नव्हतं आणि आता दिवसभर मळमळ, हे आत्ताच का वाढतंय आणि कुठल्या हार्मोनमुळे?

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि माझ्या पहिल्या वेळी नवव्या आठवड्यात नुसत्या फोडणीच्या वासाने मला उलटी व्हायची, त्यामुळे तुमचं काय होतंय ते कळतंय मला. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, त्या हिशोबाने बहुतेकींना सहाव्याच्या आसपास सुरू होतं, नवव्याच्या आगेमागे सगळ्यात जास्त असतं आणि चौदा ते सोळापर्यंत बरंच कमी होतं, काहींना विसावा उजाडतो.

आधी सगळे एचसीजीकडे बोट दाखवायचे, म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दिसतं तेच हार्मोन. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं, ८ ते ११ आठवड्यांत सर्वात वर जातं आणि मग उतरतं, म्हणजे मळमळीच्या वेळापत्रकाशी अगदी जुळतं, आणि जुळ्यांमध्ये एचसीजी जास्त असतं तशी मळमळही जास्त असते. पण रिपोर्ट बघताना मला एक गोष्ट कायम खटकायची, सारखाच आकडा असलेल्या दोघींपैकी एक मस्त जेवते आणि दुसरीला पाणीही टिकत नाही.

मग डिसेंबर २०२३ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात मार्लेना फेजो, स्टीफन ओ'राहिली वगैरेंचा अभ्यास आला तो जीडीएफ१५ वर. हे प्रोटीन गर्भाकडून, मुख्यतः वारेतून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या उलटीच्या केंद्राजवळच्या रिसेप्टरला चिकटतं. खरी गंमत अशी की नुसतं ते किती वाढलं एवढ्यावर सगळं ठरत नाही, दिवस जायच्या आधी तुमच्या रक्तात ते किती होतं यावरही ठरतं. आधी कमी असेल तर शरीराला सवय नसते आणि अचानक वाढलं की झटका जोरात बसतो. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांच्या रक्तात ते कायमच खूप असतं, आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फार कमी होते असं त्या अभ्यासात दिसलं. जीडीएफ१५ पुढेही चढंच राहतं तरी मळमळ ओसरते, ती बहुधा मेंदू सरावतो म्हणून. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनने पोट सावकाश रिकामं होतं, त्याने भर पडत असेल, पण तेही शेवटपर्यंत वाढत जातं, म्हणून नवव्या आठवड्याचं टोक त्याने एकट्याने समजत नाही.

तुमचं वजन आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त उतरलं (म्हणजे ५५ किलोंचं ५२ झालं), लघवी गडद पिवळी किंवा आठ तास झालीच नाही, पाणीही टिकेना, तर हे सगळ्यांनाच होतं म्हणत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, सलाइन लागू शकतं. एवढं नसेल तरीही डॉक्सिलामाइन आणि बी६ ची गोळी असते, आणि ती उलट्या खूप वाढायची वाट न बघता आत्ताच डॉक्टरांना विचारा.